नोव्हेंबर दरवर्षीच पडतो!

सध्या आपल्या हॉस्टेलात चर्चेला एक हॉट टॉपिक आहे: स्टोअर चालू ठेवायचं की बंद करायचं? कमिटीच्या मीटिंगमध्ये एक बार ग्राफ दाखवला गेला. जुलैत उंचच उंच खांब, मग उतरत उतरत नोव्हेंबरमध्ये अगदी बुटका. त्यावर निष्कर्ष काय, तर "खप सतत घसरतोय, मुलं आता सगळं ऑनलाइन मागवतात." स्टोअर खरंच तोट्यात असेल तर बंद करा, माझी काहीच हरकत नाही. पण त्या ग्राफवरून ते कळतच नाही, एवढंच मला म्हणायचंय. आणि आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी तरी असा ग्राफ बघून मान डोलावू नये.

जुलैत काय होतं? नवी बॅच येते. फाइली, ड्रॉइंग शीट, बादल्या, कुलपं, मच्छरदाण्या, सगळं एकदम विकलं जातं. नोव्हेंबरात काय होतं? दिवाळीची सुट्टी आणि परीक्षा, हॉस्टेल अर्धं रिकामं. म्हणजे जुलैची नोव्हेंबरशी तुलना करणं हे पावसाळ्यात छत्र्यांचा खप बघून उन्हाळ्यात "लोकांनी छत्र्या वापरणं सोडलं" म्हणण्यासारखं आहे. महिन्याच्या विक्रीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक हंगाम, जो दरवर्षी त्याच वेळी वर-खाली करतो. दुसरा कल, म्हणजे ट्रेंड. धंदा खरोखर वाढतोय की आटतोय हे सांगणारा. निर्णय घ्यायचा तो कलावर, आणि ग्राफमध्ये ठळक दिसतो तो हंगाम.

हे दोन वेगळे कसे करायचे? स्टोअरची वही माझ्याकडे नाही, म्हणून या विषयातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण घेते. बॉक्स आणि जेंकिन्स यांच्या १९७० सालच्या पुस्तकात आंतरराष्ट्रीय विमानप्रवाशांचे १९४९ ते १९६० या बारा वर्षांचे महिनावार आकडे आहेत. ज्यांच्या कॉम्प्युटरवर आर आहे त्यांनी `AirPassengers` टाइप केलं की तेच आकडे समोर येतात. प्रवासी काय आणि विकलेली तिकिटं काय, आपल्या दृष्टीने विक्रीच. १९४९ चे आकडे, हजारांत, जानेवारीपासून असे: ११२, ११८, १३२, १२९, १२१, १३५, १४८, १४८, १३६, ११९, १०४, ११८.

आता जुलै बघा, १४८. नोव्हेंबर, १०४. चार महिन्यांत जवळजवळ ३० टक्के घट! आपल्या कमिटीसारखी कमिटी तिथे असती तर विमानं भंगारात निघाली असती.

यावर उपाय म्हणजे चल सरासरी, आपल्या भाषेत मूव्हिंग अ‍ॅव्हरेज. कल्पना साधी आहे. सलग बारा महिन्यांची सरासरी काढायची, मग एक महिना पुढे सरकायचं, सगळ्यात जुना महिना सोडायचा, नवा घ्यायचा आणि पुन्हा सरासरी काढायची. बाराच का? कारण सलग कुठलेही बारा महिने घ्या, त्यात एक जुलै असतो आणि एकच नोव्हेंबर असतो. तेजीचे आणि मंदीचे महिने प्रत्येक वेळी सारखेच आत येतात, म्हणून सरासरीत हंगाम एकमेकांना खाऊन टाकतो. पुष्कळ जण ग्राफ "स्मूथ" दिसावा म्हणून तीन महिन्यांची सरासरी घेतात. ती घेऊन बघा: जून-जुलै-ऑगस्टची येते १४३.७ आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबरची ११३.७. रेघ गुळगुळीत झाली खरी, पण २१ टक्क्यांची घट तशीच राहिली. हंगाम गेला नाही, नुसता इस्त्री केला!

बारामध्ये एक छोटी अडचण आहे. बारा ही सम संख्या, त्यामुळे जानेवारी ते डिसेंबरचा मध्य जून आणि जुलैच्या बरोबर मधे पडतो, कुठल्याच महिन्यावर नाही. म्हणून पुढची सरासरीही घ्यायची, फेब्रुवारी ते पुढच्या जानेवारीची. तिचा मध्य जुलै-ऑगस्टच्या मधे. या दोघींची सरासरी नेमकी जुलैवर येऊन बसते. १९४९ ची बेरीज १५२०. पुढच्या जानेवारीचा आकडा ११५ आहे, म्हणून ११२ काढून ११५ घातले की १५२३. दोन्ही मिळवून २४ ने भागलं की १२६.८. हा जुलै १९४९ चा कल. तसाच नोव्हेंबरचा काढला (मे ते एप्रिलची बेरीज १५४६, जून ते मेची १५५०) तर येतो बरोबर १२९.०.

म्हणजे तिकिटं ३० टक्क्यांनी पडली त्याच चार महिन्यांत कल १२६.८ वरून १२९ वर गेला होता. धंदा वाढत होता! पडला तो फक्त नोव्हेंबर, आणि तो दरवर्षीच पडतो.

एक्सेलमध्ये महिने दुसऱ्या ओळीपासून बी कॉलममध्ये असतील, तर सातव्या महिन्यासमोर, म्हणजे आठव्या ओळीत, हे लिहा आणि खाली ओढा:

```
=(0.5*B2+SUM(B3:B13)+0.5*B14)/12
```

एक सावधगिरी. एक्सेलच्या चार्टमध्ये `Moving Average` ही ट्रेंडलाइन आयती मिळते, पण ती मागच्या महिन्यांची सरासरी काढून शेवटच्या महिन्यावर ठेवते. रेघ सुमारे सहा महिने उशिरा धावते. धंदा वळला तरी ती बराच काळ जुन्याच दिशेने चाललेली दिसते.

आता हंगाम. मूळ आकडा भागिले कल. जुलै १९४९ साठी १४८ भागिले १२६.८, म्हणजे १.१७, नोव्हेंबरसाठी १०४ भागिले १२९, म्हणजे ०.८१. असं प्रत्येक वर्षी करून सगळ्या जुलैंची सरासरी काढली की १.२३ येते आणि सगळ्या नोव्हेंबरांची ०.८०. हे हंगामी निर्देशांक. अर्थ सरळ आहे: जुलै नेहमीपेक्षा २३ टक्के वर, नोव्हेंबर २० टक्के खाली. मग कुठलाही महिना त्याच्या निर्देशांकाने भागला की हंगाम निघून जातो. जुलै १९४९ चे १४८ होतात सुमारे १२०, नोव्हेंबरचे १०४ होतात १३०. आता ही तुलना करायला हरकत नाही.

भागाकारच का, वजाबाकी का नाही? कारण १९४९ मध्ये सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या महिन्यात ४४ चं अंतर होतं आणि १९६० मध्ये (६२२ आणि ३९०) ते २३२ झालं. धंदा वाढतो तशी त्याची लाटही मोठी होते, म्हणून प्रमाण धरायचं. मात्र एखाद्या महिन्यात विक्री जवळपास शून्य असेल, जशी आपल्या स्टोअरची मे महिन्यात, तर त्या इवल्याशा निर्देशांकाने भागून काहीही आकडे येतात. तो महिना बंद म्हणून बाजूला ठेवावा हे बरं.

इथे कोणी हुशार म्हणेल, "एवढा खटाटोप कशाला? या नोव्हेंबरची गेल्या नोव्हेंबरशी तुलना करा की!" बरोबर आहे, पण हंगाम कॅलेंडर पाळत असेल तरच. आपले सण इंग्रजी महिना बघून येत नाहीत. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं आणि २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. शिवाय २०२३ मध्ये पितृपक्ष १४ ऑक्टोबरपर्यंत चालला. त्यात नवी गाडी कोण घेतं? वाहन डीलर्सची संघटना फाडा हिच्या आकड्यांत ऑक्टोबर २०२३ मध्ये आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ८ टक्के घट होती आणि लगेच नोव्हेंबरात सुमारे १८ टक्के वाढ. देशात महिनाभरात मंदी येऊन गेली असं नाही, दिवाळी सरकली. दोन्ही महिने एकत्र करून बघितले की ना एवढी घट राहते, ना एवढी वाढ. निर्देशांकालाही हीच अडचण येते, कारण त्याला "नोव्हेंबर" कळतो, "दिवाळी" कळत नाही. म्हणून आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबर जोडीने बघावेत. आणि अ‍ॅडमिशनचंही तेच. २०२० साली कोरोनामुळे पहिल्या वर्षाचे प्रवेश थेट हिवाळ्यात गेले. त्या वर्षाचा जुलै निर्देशांकाच्या सरासरीत धरला तर सगळेच जुलै बिघडतील. ते वर्ष सोडूनच द्यावं.

चल सरासरी फसवते ती आणखी एका जागी. फेस्टसाठी कोणी एकदाच दोनशे टी-शर्टांची ऑर्डर दिली, तर ती विक्री सलग बारा सरासऱ्यांत राहते. रेघ एकदम पायरी चढते, वर्षभर वरच राहते आणि मग तशीच एकदम उतरते. कळेल कसं? खरा कल हळूहळू चढतो. पायरी दिसली आणि बरोबर वर्षाने ती उतरली, तर तो कल नाही, एक ऑर्डर आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाची मर्यादा: मध्यावर बसवलेल्या या सरासरीला पुढचे सहा महिने लागतात. त्यामुळे शेवटच्या सहा महिन्यांचा कल तिच्यातून मिळतच नाही. "आज काय चाललंय" हे ती सांगत नाही. तिथे निर्देशांकाने भागलेले आकडेच बघायचे आणि तेही जपून.

म्हणून कमिटीला आणि रेक्टर सरांना माझी विनंती आहे. स्टोअरच्या काकांकडे गेल्या काही वर्षांच्या वह्या आहेत. निदान तीन वर्षांचे महिनावार आकडे काढा, म्हणजे प्रत्येक महिन्याचे दोन तरी निर्देशांक मिळतील. बारा महिन्यांची रेघ खांबांवर काढून नोटीस बोर्डावर लावा. रेघ खरोखर उतरत असेल तर स्टोअर बंद करा, मी स्वतः सही करीन. पण ती सपाट किंवा चढती निघाली, तर दर नोव्हेंबरात मुलं घरी जातात या कारणासाठी काकांचं दुकान उठवू नका.