सगळे किर्लोस्कर एकच का हो?

आमच्या बेळगावात किर्लोस्कर हे नाव घरातल्या माणसासारखं घेतात. लक्ष्मणरावांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते इथंच, आणि किर्लोस्कर रोड आजही आहे. पुढे नगरपालिकेनं जागा सोडायला लावली म्हणून ते १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर गेले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे सगळं आपल्याला पाठ. त्यामुळेच की काय, पंप असो, इंजिन असो, मोटर असो, नाहीतर टोयोटाची गाडी असो, पाटीवर किर्लोस्कर दिसलं की आपण म्हणतो, "एकाच घरचं हाय, घ्या डोळे झाकून."

मी जन्मभर मोटारी रिवाइंड करत आलो, हजारो नेमप्लेटा पुसून वाचल्या. माझं स्पष्ट मत असं की हे "एकाच घरचं" वाक्य घराण्यापुरतं खरं आणि कंपनीपुरतं चूक आहे.

गेल्या उन्हाळ्यात खानापूरकडचा माझा भाचा शेतासाठी पंप बघत होता. दोन दुकानं फिरला, दोन्हीकडं किर्लोस्करची पाटी. एकाचा दर कमी होता. तो म्हणाला, "मामा, कंपनी एकच, मग स्वस्तातला घेतो. सर्व्हिस काय, ह्यानं नाही दिली तर तो देईल."

मी म्हटलं, "बाबा, आधी दोन्ही पंपांच्या खोक्याचे फोटो पाठव. मोठ्या अक्षरांचे नकोत, तळाच्या बारीक अक्षरांचे."

खोक्यावर बनवणाऱ्याचं किंवा विकणाऱ्याचं नाव-पत्ता छापावाच लागतो. तिथं लोगो नसतो, कंपनीचं पूर्ण नाव असतं, आणि जबाबदारी त्या नावाची. भाच्याच्या एका खोक्यावर होतं किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड, दुसऱ्यावर किर्लोस्कर ऑइल इंजिन्स लिमिटेड. दोन्ही पत्ते पुण्याचे. एक बाणेरचा, एक खडकीचा. खडकीच्या पत्त्यात तर रस्त्याचंच नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर मार्ग! आता सांगा, साध्या माणसाला हे दोन वेगळे कसे वाटणार?

पण वेगळे आहेत. ब्रदर्स म्हणजे संजय किर्लोस्करांची कंपनी, मूळ धंदा पंपांचा. ऑइल इंजिन्स शंतनुरावांनी १९४६ मध्ये काढली, मूळ धंदा डिझेल इंजिनांचा, आज ती अतुल आणि राहुल या भावांच्या बाजूला आहे. बेंगळूरूची किर्लोस्कर इलेक्ट्रिक तिसरी, मोटारी बनवणारी, ती घराण्याच्या आणखी वेगळ्या शाखेकडं. टोयोटातले विक्रम किर्लोस्कर चौथ्या फांदीचे होते. आजोबा-पणजोबा एक, पण तिजोऱ्या वेगळ्या, सर्व्हिस सेंटरं वेगळी. ह्याची वॉरंटी तो देणार नाही.

भाच्याला हे पटलं, पण त्याचा पुढचा प्रश्न खरा होता. "मग दोघं तेच नाव कसं लावतात? एकानं दुसऱ्याचं चोरलं काय?"

चोरलं नाही. इथं बहुतेक लोक गडबडतात, कारण आपल्याला दोनच उत्तरं माहीत असतात: एक कंपनी, किंवा नकली माल. तिसरंही असतं. किर्लोस्कर हा ट्रेडमार्क किर्लोस्कर प्रोप्रायटरी लिमिटेड नावाच्या निराळ्याच कंपनीकडं ठेवला गेला, आणि घराण्यातल्या कंपन्या करारानं तो वापरत आल्या. वाड्याचं नाव एक आणि आत चुली चार, तसं. नाव वापरायची परवानगी असली म्हणून कर्ज, नफा, तक्रार हे काही सामाईक होत नाही.

आणि ह्या चुलींमध्ये धूरही झाला. ११ सप्टेंबर २००९ ला घराण्यात वाटणीचा करार झाला. एकमेकांच्या धंद्यात पाय ठेवायचा नाही असं त्यात ठरलं होतं, असं ब्रदर्सचं म्हणणं. पुढे २०१७ मध्ये ऑइल इंजिन्सनं अहमदाबादची ला-गज्जर मशिनरीज ही पंपांची कंपनी घेतली आणि ब्रदर्सनं हरकत घेतली. दुसऱ्या बाजूला ते अर्थ मान्य नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, न्यायालयानं २०२१ मध्ये मध्यस्थीनं मिटवा असं सुचवलं. त्याच जुलैमध्ये ऑइल इंजिन्सच्या बाजूच्या कंपन्यांनी नवा लोगो आणला, तेव्हा ब्रदर्सनं जाहीर आक्षेप घेतला की आमचा १३० वर्षांचा वारसा हे आपला म्हणून सांगतायत. समोरून तो आरोप फेटाळला गेला. कोण बरोबर हे सांगायला मी वकील नाही. पण जे दोन पक्ष लोगोवरून भांडतात, त्यांना आपण गिऱ्हाइकांनी लोगो बघून एक समजायचं, ही गंमतच आहे.

आता उलटी बाजू बघा. ला-गज्जरच्या पंपाचं नाव वरुणा. त्या नावात किर्लोस्करचा मागमूस नाही, पण मालकी ऑइल इंजिन्सची. म्हणजे नाव एक असून घर वेगळं, आणि नाव वेगळं असून घर एक. नजरेचा भरवसा दोन्हीकडं सुटतो.

मग बघायचं कसं? खोक्यावरचं पूर्ण नाव घ्या आणि mca.gov.in वर कंपनी शोधा. तिथं २१ अक्षरांचा सीआयएन मिळतो. त्यात मधे चार आकडी साल असतं, कंपनी नोंदली त्याचं. ब्रदर्सचं साल १९२०. ऑइल इंजिन्सचं मात्र २००९ दिसेल, १९४६ नाही! कारण त्या वेळी फेररचना झाली, इंजिनांचा धंदा नव्या नोंदणीच्या कंपनीत गेला आणि जुन्या कंपनीचं नाव किर्लोस्कर इंडस्ट्रीज झालं. म्हणून साल बघून "ही कालची, नकली" असं म्हणू नका. सीआयएन वेगळा म्हणजे कायद्यानं कंपनी वेगळी, एवढंच तो सांगतो.

मालकी कोणाची ते वार्षिक अहवालात बघायचं, उपकंपन्यांच्या यादीत. ला-गज्जर ऑइल इंजिन्सच्या यादीत सापडते, ब्रदर्स सापडत नाही. इथं एक खाच आहे. ब्रदर्सचा जवळजवळ चौथा हिस्सा किर्लोस्कर इंडस्ट्रीजकडं आहे, म्हणजे समोरच्या बाजूकडं. नुसते शेअर बघितले तर वाटेल, बघा, एकच! पण चौथा हिस्सा असणं आणि कंपनी चालवणं ह्यात फरक आहे. भावाच्या घरात आपली भिंत असते, म्हणून काय त्याची चूल आपली होते?

वर्तमानपत्रं मात्र अजूनही "किर्लोस्कर समूह" असं सरसकट छापतात. मला ते खटकतं. कुठला समूह ते लिहा ना! आमच्याकडच्या डीलरांचीही तीच सवय, बोर्डावर फक्त आडनाव. बिलावर तरी पूर्ण नाव टाकून घेत चला, आणि वॉरंटी कार्डावर तेच नाव आहे का ते दुकानातच ताडून बघा.

भाच्यानं शेवटी दर बाजूला ठेवला, दोन्ही कंपन्यांचं जवळचं सर्व्हिस सेंटर कुठं ते फोन करून विचारलं, आणि जे खानापूरला जवळ होतं त्यांचा पंप घेतला. कुठला ते सांगत नाही, नाहीतर खाली कमेंटमध्ये वाटणी सुरू होईल.