रेझ्युमेतले फसवे ९५ टक्के

अ‍ॅक्चुरिअलवाल्यांनो, रेझ्युमेत ‘सीएस१ पास’ लिहिलंत ना? मग खाली वेगळं ‘आर येतं’ कशाला? त्या परीक्षेचा बी पेपर आरवरच असतो. खरी गडबड मॉडेलच्या ओळीत आहे. ‘मोटार क्लेम मॉडेल, अचूकता ९५ टक्के’ असं ठोकून देऊ नका. सरावासाठी बरेच जण वापरतात त्या फ्रान्सच्या freMTPL2 डेटात क्लेम आलेल्या पॉलिसी जेमतेम पाच टक्के. डोळे मिटून सगळ्यांपुढे ‘क्लेम नाही’ लिहिलं, तरी ९५ मिळतातच की! त्यापेक्षा लिहा, ‘पॉयसन जीएलएम; पॉलिसी किती काळ चालू होती, ते धरलं; बाजूला ठेवलेल्या डेटात अंदाज १,००० क्लेमचा, प्रत्यक्षात १,०८०.’ वरचे ८० कुठून आले, तरुण चालकांमुळे की जुन्या गाड्यांमुळे, हे विचारतीलच. तेवढं आधी तपासून ठेवा.