28 रुपयांची थाळी, मग डबा 60 रुपयांना का? घरगुती डब्याचा हिशोब समजून घ्या

क्रिसिल ही संस्था दर महिन्याला घरी बनवलेल्या थाळीचा सरासरी खर्च जाहीर करते. जुलै 2025 मध्ये शाकाहारी थाळीचा हा आकडा 28.1 रुपये होता. वर्षभरापूर्वी, जुलै 2024 मध्ये तो 32.6 रुपये होता. असे आकडे व्हायरल झाले की डबा लावणारे विचारतात, ‘थाळी 28 रुपयांत होते, तर डब्याला 60 रुपये कशाला?’

उत्तर सोपं आहे. या आकड्यात प्रामुख्याने किराणा, भाजी आणि गॅस धरलेला असतो. पोळ्या लाटणाऱ्या हातांची मजुरी त्यात नसते आणि डबा दारात पोहोचवण्याचा खर्चही नसतो. अडचण अशी की डबा चालवणाऱ्या अनेक बायकाही दर ठरवताना हेच दोन खर्च विसरतात.

सरकारनेही एका ताटाचा दर काढला होता

26 जानेवारी 2020 पासून राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली. त्यात दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात. ग्राहकाला ही थाळी 10 रुपयांना मिळत होती, पण केंद्रचालकाला एका थाळीमागे शहरी भागात एकूण 50 आणि ग्रामीण भागात 35 रुपये मिळतील असं ठरलं होतं. वरची रक्कम सरकार देणार होतं. म्हणजे दोन चपात्यांचं ताट, तेही घरपोच न देता, खेड्यात 35 रुपयांचं धरलं गेलं आणि तेही 2020 साली. घरगुती डब्यात साधारण चार चपात्या असतात.

अंबाजोगाईतला 25 डब्यांचा हिशोब

बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. विद्यार्थी, बदलीवर आलेले कर्मचारी, रुग्णांचे नातेवाईक अशा लोकांना डबा लागतो. समजा, इथे एक महिला घरातून रोज एक वेळचे 25 डबे देते आणि महिन्यात 26 दिवस काम करते. पुढचे भाव उदाहरणासाठी धरलेले आहेत. आपल्या गावातले भाव टाकून कुणालाही हा हिशोब करता येईल.

एका डब्याला लागणारा माल असा:

- चार चपात्यांना 120 ग्रॅम पीठ, दळणासह 40 रुपये किलोने: 4.80 रुपये
- 60 ग्रॅम तांदूळ, 55 रुपये किलोने: 3.30 रुपये
- 25 ग्रॅम तूरडाळ, 130 रुपये किलोने: 3.25 रुपये
- 125 ग्रॅम भाजी, 60 रुपये किलोने: 7.50 रुपये
- 20 ग्रॅम तेल, 150 रुपये किलोने: 3 रुपये
- कांदा, टोमॅटो, लसूण, शेंगदाण्याचा कूट, मसाला: 6 रुपये
- लोणचं किंवा कोशिंबीर: 2 रुपये

बेरीज झाली 29.85, म्हणजे 30 रुपये. यात भाजी 125 ग्रॅम धरली आहे, कारण निवडल्यावर त्यातली साधारण 100 ग्रॅमच कढईत जाते. मेथी किंवा फ्लॉवर असेल तर घट आणखी वाढते. म्हणून भाजीचा हिशोब विकत घेतलेल्या वजनावर करावा, शिजवलेल्या वजनावर नाही.

आता गॅस. घरगुती सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही, त्यामुळे 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर धरायचा. तो 1,800 रुपयांना मिळतो आणि 20 दिवस पुरतो असं धरलं तर रोजचे 90 रुपये, म्हणजे डब्यामागे 3.60 रुपये. सिलिंडर लावला त्या दिवशी त्यावर खडूने तारीख लिहिली की तो किती दिवस पुरतो हे नेमकं कळतं. पेट्रोल आणि गाडीची झीज रोजची 50 रुपये, म्हणजे डब्यामागे 2 रुपये. साबण, पाणी, वीज, फोन आणि डब्यांची झीज मिळून रोजचे 60 रुपये, म्हणजे 2.40 रुपये. हा वरखर्च झाला 8 रुपये.

मजुरी कुणी मोजायची?

बाजार, चिरणं, स्वयंपाक, डबे भरणं, पोहोचवणं आणि भांडी यात रोजचे किमान सहा तास जातात. तासाला 60 रुपये धरले तर दिवसाचे 360 रुपये, म्हणजे डब्यामागे 14.40 रुपये. हा आकडा फार मोठा नाही. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरीच दिवसाला 312 रुपये होती.

माल 30, वरखर्च 8 आणि मजुरी 14.40 मिळून 52.40 रुपये होतात. उरलेलं अन्न, बुडालेले पैसे यासाठी 2.60 रुपये राखले की खर्च 55 वर जातो. 60 रुपये दर ठेवला तर डब्यामागे 5 रुपये नफा उरतो. महिन्याला मजुरीचे 9,360 आणि नफ्याचे 3,250 मिळून 12,610 रुपये हातात येतात.

आता ‘मालाच्या दीडपट’ हा ठोकताळा वापरून दर 45 रुपये ठेवला तर? माल, वरखर्च आणि राखीव रक्कम वजा जाता डब्यामागे 4.40 रुपये उरतात. महिन्याचे 2,860, म्हणजे तासाला जेमतेम 18 रुपये. रोज गल्ल्यात 1,125 रुपये येताना दिसतात, म्हणून धंदा चालतोय असं वाटतं. प्रत्यक्षात त्या घरातली बाई आपल्या मजुरीतून गिऱ्हाइकाला स्वस्त जेवू घालत असते.

सुट्टी आणि खाडे

कॉलेजला सुट्टी लागली आणि 25 चे 15 डबे झाले, तर माल कमी लागतो. पण गाडीची फेरी तेवढीच राहते आणि काम सहावरून फारतर पाच तासांवर येतं. 60 रुपये दराने तेव्हा दिवसाला सुमारे 256 रुपये उरतात. 45 रुपये दराने मात्र दिवसभराचे फक्त 31 रुपये. म्हणून दर ठरवताना भरलेल्या महिन्याचा नाही, सुट्टीच्या महिन्याचा आकडाही तपासावा.

सगळ्यात जास्त वाद होतो तो खाड्यांवरून. गिऱ्हाईक म्हणतं, ‘जेवलो नाही, 60 रुपये वजा करा.’ पण आदल्या रात्री कळवलं तरी वाचतो तो फक्त माल, म्हणजे 30 रुपये. बाकीचा खर्च होतोच. त्यामुळे आदल्या रात्री कळवलेल्या खाड्याला 30 रुपये वजा करणं दोघांनाही न्याय्य ठरतं. सकाळी डबा भरल्यावर कळवलं तर काहीच वाचत नाही, म्हणून तेव्हा वजावट नाही. हा नियम पहिल्याच दिवशी सांगून व्हॉट्सअॅपवर लिहून ठेवला तर महिनाअखेरची वादावादी टळते.

भाव वाढले की दर वाढवायचा?

टोमॅटो महागला म्हणून लगेच दर वाढवू नये. तो काही आठवड्यांत उतरतो. तोवर वरणात चिंच घालता येते, भाजीऐवजी मटकी किंवा पिठलं देता येतं. तेल, डाळ आणि पिठाचे वाढलेले भाव मात्र महिनोन्‌महिने तसेच राहू शकतात. हे तीन भाव दर तीन महिन्यांनी वहीत टाकून बघावेत. मालाचा खर्च 30 वरून 33 वर गेला, तर दर 63 करताना तीच वही गिऱ्हाइकाला दाखवता येते.