अग्रलेखातील ‘केवळ’

अग्रलेखात मत असणे हा दोष नव्हे; मत मांडण्यासाठीच तो लिहिला जातो. ही गोष्ट अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना प्रारंभीच सांगितलेली बरी. तथ्य आणि मत वेगळे करण्यास शिकवले की पुष्कळ मुले प्रत्येक मतावर फुली मारू लागतात आणि अग्रलेख ‘पक्षपाती’ ठरवून मोकळी होतात. विचारायचा प्रश्न निराळाच आहे: हे मत कोणत्या आधारावर उभे आहे, आणि तो आधार त्याचा भार पेलतो काय?

उदाहरण घरातल्या व्यवहाराचे असावे. बँकेतील ठेवींवरील विम्याचा विषय वाणिज्य शाखेच्या मुलांना समजतो आणि घरी आजोबांशी बोलताही येतो. वर्गात सरावासाठी अग्रलेखाच्या धाटणीचा पुढील उतारा द्यावा: “१९९३ पासून एक लाख रुपये असलेली ठेव-विम्याची मर्यादा २०२० मध्ये केवळ पाच लाख करण्यात आली. ठेवीदारांच्या तोंडाला पाने पुसण्याचाच हा प्रकार होय. मधल्या सत्तावीस वर्षांत महागाई कित्येक पटींनी वाढली. म्हणून ही मर्यादा अपुरी आहे.”

मुलांनी पेन्सिलीने तथ्याखाली सरळ रेघ व मताखाली नागमोडी रेघ ओढावी आणि युक्तिवादाला कंस करावा. पहिले वाक्य सगळेच सरळ रेघेत घालतात. वर्षे व रकमा अचूक आहेत, पडताळून पाहता येतात. परंतु ‘केवळ’ हा शब्द तथ्य नव्हे. तो खोडून वाक्य पुन्हा वाचावयास लावावे. माहिती तीच राहते, सूर मात्र बदलतो. मराठीत हे काम ‘केवळ’, ‘तब्बल’, ‘चक्क’ यांसारखे छोटे शब्द, कधी कधी एकटा ‘च’, गुपचूप करून जातात. दुसरे वाक्य उघड मत आहे. त्याची कोणाला अडचण पडत नाही.

खरा कस तिसऱ्या वाक्यात लागतो. ‘म्हणून’ हा शब्द दिसला की युक्तिवाद आला असे समजावे. आधार आहे महागाईचा आणि निष्कर्ष आहे अपुरेपणाचा. पण मर्यादाही पाचपट झालीच आहे. तेव्हा महागाई पाचपटीहून अधिक वाढली काय, हे सांगितल्याशिवाय निष्कर्ष निघत नाही, आणि ‘कित्येक पटींनी’ हे शब्द नेमकी तीच जागा झाकतात. शिवाय १९९३ची एक लाखाची मर्यादा त्या काळी पुरेशी होती, असे येथे न सांगता गृहीत धरलेले आहे. हे न लिहिलेले वाक्य मुलांकडून समासात लिहून घ्यावे. प्रारंभी त्यांना ते सापडत नाही, कारण जे कागदावर नाही ते वाचण्याची त्यांना सवय नसते. अर्थात युक्तिवादातील फट सापडली म्हणजे निष्कर्ष खोटा ठरला असे नाही. तो अद्याप सिद्ध झालेला नाही, इतकेच.

याहून अवघड प्रकार निवडलेल्या तथ्याचा. मार्च २०२१ अखेरच्या आकडेवारीनुसार देशातील ९८.१ टक्के बँक खात्यांना या विम्याचे पूर्ण संरक्षण होते. त्याच दिवशी विमापात्र ठेवींच्या एकूण रकमेपैकी ५०.९ टक्के रक्कमच संरक्षित होती. दोन्ही आकडे खरे आहेत आणि एकाच अहवालातले आहेत. लहान शिल्लक असलेली खाती संख्येने फार, म्हणून खात्यांचा आकडा मोठा दिसतो. मोठ्या ठेवी थोड्या खात्यांत असतात, म्हणून रकमेचा आकडा खाली येतो. मर्यादा पुरेशी आहे असे म्हणणारा अग्रलेख पहिला आकडा छापील, अपुरी म्हणणारा दुसरा. कोणीही खोटे बोललेले नसेल. अशा वेळी सरळ रेघ ओढून भागत नाही. टक्के कशाचे, खात्यांचे की रुपयांचे, हे आकड्याशेजारी लिहावयास लावावे. आकडा खात्यांचा आहे, माणसांचा नव्हे, हेही एखाद्या चाणाक्ष मुलाच्या ध्यानी येते: विमा प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे असतो, आणि एकाच बँकेतील त्याची निरनिराळ्या शाखांमधील खाती, मुद्दल व व्याज धरून, एकत्र मोजली जातात.

तासाच्या शेवटी विरुद्ध बाजूचा एक परिच्छेद लिहून घ्यावा. मर्यादा वाढली की विम्याचा हप्ताही वाढू शकतो. २०२० मध्ये तो शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला १० पैशांवरून १२ पैसे झाला, आणि तो ठेवीदाराने नव्हे, बँकेने भरावयाचा असतो. एवढ्या दोन गोष्टी फळ्यावर लिहून थांबावे. मर्यादा वाढवू नये, हे मत त्यांवर कसे उभे करता येते आणि त्यासाठी कोणते वाक्य गृहीत धरावे लागते, ते मुलांनी आपले आपण लिहावे. मग शेजाऱ्याशी वही बदलून त्यातले ‘केवळ’ आणि ‘तब्बल’ शोधावेत.