म्हशीचें डुंबणें: खोड कीं गरज?

गेल्या उन्हाळ्यांत सोलापूर भागांतील एका गांवीं आमचें जाणें झालें. गांवाच्या खालच्या अंगाला पूर्वीं म्हशींचें एक डबकें होतें. तें घाण दिसतें, डांस वाढवितें, या सबबीवर मुरूम टाकून बुजविण्यांत आलें होतें, आणि या सुधारणेबद्दल मंडळींना समाधानहि वाटत होतें. मात्र त्याच मंडळींची तक्रार अशी कीं, यंदा वैशाखांत म्हशींनीं दूध फार चोरलें. या दोन गोष्टींचा एकमेकींशीं कांहीं संबंध असेल, हें कोणाच्या मनांत आलें नव्हतें. म्हैस चिखलांत लोळते ती गलिच्छपणाच्या खोडीमुळें, हा समज अद्याप चांगल्या जाणत्या शेतकऱ्यांतहि आढळतो, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

बैलाला किंवा गाईला ऊन लागलें म्हणजे तिच्या कातडीवर घाम येतो, तो वाळतो आणि वाळतांना अंगांतील उष्णता घेऊन जातो. म्हशीची अडचण येथेंच आहे. तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथी गाईच्या मानानें फारच थोड्या; तितक्याच जागेंत गाईच्या सहावा हिस्सा किंवा त्याहूनहि कमी. त्यांत रंग काळा, म्हणजे ऊन शोषून घेणारा, आणि अंगावर केंस विरळ, म्हणजे उन्हाला आडोसा नाहीं. असें जनावर भर दुपारीं उघड्यावर बांधलें तर बाहेरची उष्णता आंत येत राहते आणि आंतली बाहेर पडण्यास धांपेवांचून मोठा मार्ग उरत नाहीं. उलट याच काळ्या कातडीखालीं रक्तवाहिन्यांचें जाळें दाट आहे. त्यामुळें म्हैस सावलींत किंवा पाण्यांत शिरतांच गाईपेक्षां लवकर निवते. थोडक्यांत, घामाचें जें काम गाय स्वतः करते, तें म्हैस डबक्याकडून करून घेते.

आतां पाणी असतां चिखल कशाला, असें कोणी विचारील. पाण्यांतून बाहेर आलेली म्हैस उन्हांत थोड्याच वेळांत कोरडी होते. चिखलाचा लेप मात्र पाणी धरून ठेवतो आणि तें सावकाश वाळूं देतो. याचा हिशेब सोपा आहे. सुमारें 500 किलो वजनाच्या म्हशीच्या निम्म्या अंगावर 3 मिलिमीटर जाडीचा लेप बसला, तर त्यांत अदमासें 4 लिटर पाणी असतें. एक लिटर पाणी वाळण्यास सुमारें 580 किलोकॅलरी उष्णता लागते, आणि एवढें जनावर एका अंश सेल्सिअसनें थंड करण्यास सुमारें 400 किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात. वाळणारें पाणी ही सारी उष्णता अंगांतूनच घेत नाहीं, बराच भाग हवेंतून व उन्हांतून घेतें, हें खरें. तथापि निम्मा भाग अंगांतून गेला असें धरलें तरी त्या लेपाची किंमत ध्यानांत येईल. लेप वाळून भेगाळला कीं निववण्याचें काम संपलें. म्हणूनच म्हैस एकदां लोळून थांबत नाहीं, पुन्हां पुन्हां जाते.

वाळलेला लेप मात्र अगदींच निरुपयोगी नव्हे. तेथून त्याचें दुसरें काम सुरू होतें. गोमाशीला व डांसाला सोंड खुपसण्यास जागा सांपडत नाहीं. अंगावरच्या उवा चिखलांत रुततात आणि पापुद्रा गळून पडतांना त्याबरोबर गळतात. गाईच्या मानानें म्हशीवर गोचीड कमी दिसतो, त्याचें एक कारण हेंच मानतात. हिवाळ्यांत म्हैस डुंबणें सोडते आणि त्याच दिवसांत उवा वाढतात. तशाच त्या गोठ्यांत बांधून ठेवलेल्या रेडकांवरहि फार आढळतात. आपल्याकडील पंढरपुरी, नागपुरी, मुऱ्हा, सुरती या साऱ्या नदीकडच्या जातीच्या म्हशी. निवड करूं दिली तर त्यांना स्वच्छ पाणीच आवडतें. खरी चिखलाची ओढ आग्नेय आशियांतील दलदलीच्या म्हशींना. परंतु माशांचा जाच वाढला म्हणजे आपली म्हैसहि चिखल शोधते, हें गुराख्याला विचारावें.

वर सांगितलेल्या गांवीं एका शेतकऱ्याच्या तीन म्हशी पत्र्याच्या गोठ्यांत होत्या. दुपारीं तीनच्या सुमारास त्यांतील एकीच्या कुशीची हालचाल आम्हीं घड्याळ लावून मोजली. मिनिटाला साठांवर श्वास भरले. सकाळच्या गारव्यांत हा आंकडा विसाच्या आसपास असावा. तोंड उघडें, लाळ गळते आहे, वैरण तशीच पडलेली. त्या गृहस्थांनीं आम्हांस म्हटलें, "साहेब, आजारी दिसते, औषध सांगा." तिचें औषध मुरुमाखालीं गाडलें होतें. वैरण सुटली कीं दूध सुटतें, हें सांगावयास नको. त्याहून मोठें नुकसान डोळ्यांना दिसत नाहीं: उन्हाच्या तापांत म्हैस मुका माज करते, ती फळविण्याची वेळ हुकते, आणि वेत कांहीं महिने लांबतें.

म्हणून डबकीं बुजवूं नयेत, हें आमचें स्पष्ट मत आहे. पण गांवच्या सांडपाण्याचें गटार म्हणजे डबकें नव्हे, हेंहि आम्ही तितक्याच स्पष्टपणें सांगतों. सांचलेल्या घाण पाण्यांत काठाला गोगलगाई होतात, आणि त्यांच्या द्वारें यकृतांतील चपटे कृमी काठच्या गवतावाटे जनावरांच्या पोटांत जातात. दुसरा धोका कासेचा. धार काढल्यावर सडाचें तोंड अर्धा तास तरी उघडें असतें. तेवढ्यांत म्हैस चिखलांत बसली तर कासदाह ठरलेला. धार झाल्यावर दावणींत वैरण टाकली म्हणजे ती उभी राहते. सायंकाळच्या धारेपूर्वीं वाळलेला चिखल धुवून कास कोरडी पुसावी, नाहींतर पापुद्रे दुधांत पडतात.

तीन म्हशींना 6 मीटर लांब, 4 मीटर रुंद व पाऊण मीटर खोल खड्डा पुरतो. एक बाजू उतरती ठेवावी, म्हणजे गाभण म्हैस घसरत नाहीं, आणि तळाला चिकण माती चोपावी. उन्हाळ्यांत आपल्या भागीं रोज सुमारें एक सेंटिमीटर पाणी उडून जातें. म्हणजे या खड्ड्याला दररोज 240 लिटर पाणी नुसतें वाफेपायीं लागेल, अंगाला लागून जाणारें वेगळें. हें ज्यास परवडत नाहीं त्यानें दुष्काळी सालीं खड्ड्याचा हट्ट धरूं नये. दाट सावलींत बांधून अकरा ते चारच्या दरम्यान चार वेळां प्रत्येकीच्या अंगावर दहा-दहा लिटर पाणी ओतलें तर तिघींचें काम 120 लिटरांत भागतें. पत्र्यावर उसाचें पाचट किंवा कडब्याचा थर घालावा आणि गोठ्याच्या बाजू उघड्या ठेवाव्या; कोंदट हवेंत पाणी वाळत नाहीं, आणि न वाळलेलें पाणी निववीत नाहीं. या उपायानें ऊन आवरतें, माश्या मात्र आवरत नाहींत. त्यांच्यासाठीं खड्ड्यांतील चिखल बादलीभर आणून पाठीवर व कुशींवर थापला तरी चालतो. त्या शेतकऱ्याच्या म्हातारीनें आमच्यासमक्ष तसें केलें, आणि म्हैस रवंथ करूं लागली.