मतभेद हाताळण्याची आपली रीत

कचेरीत मतभेद झाला की आपण विचार करून वागतो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात पहिली कृती सवयीने घडते. कोणी फाईल खालच्या कप्प्यात सारतो, कोणी आवाज चढवतो, कोणी ‘साहेब, तुम्ही म्हणाल तसे’ म्हणून मोकळा होतो, तर कोणी लगेच ‘अर्धे तुमचे, अर्धे आमचे’ असा तोडगा काढतो. टाळणे, रेटणे, नमते घेणे आणि तडजोड करणे या त्या चार रीती होत. या चारांपैकी आपली नेहमीची रीत कोणती आणि ती कोठे उपयोगी पडते, हे या वेळी पाहू.

या रीतींची मांडणी केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. मनुष्य स्वतःचे म्हणणे किती लावून धरतो? आणि समोरच्याचे म्हणणे किती पुरे होऊ देतो? स्वतःचेच धरले तर ते रेटणे, दुसऱ्याचेच धरले तर नमते घेणे, दोन्ही सोडले तर टाळणे आणि दोन्ही थोडे थोडे धरले तर तडजोड. दोन्ही पूर्णपणे धरण्याचा प्रयत्न ही पाचवी रीत. तिला आपण सहविचार म्हणू.

आता आपल्या परिसरातील, परंतु कल्पिलेले एक उदाहरण घेऊ. कर्जत तालुक्यातील एका भात गिरणीला बँकेने ५० लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा मंजूर केली आहे. मालकाने महिनाअखेरीच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये ८० लाखांचा माल दाखवला. त्यातील २० लाखांचा माल उधारीवर घेतलेला असल्याने तो वजा होतो. उरलेल्या ६० लाखांवर २५ टक्के मार्जिन सोडले की ४५ लाखांची उचल बसते. खात्यावर येणे ४० लाख असल्याने कागदोपत्री सारे ठीक आहे. परंतु फील्ड ऑफिसर तपासणीस गेला, तेव्हा गोदामात माल ६० लाखांचाच भरला. उधारीचे २० लाख वजा जाता ४० राहिले आणि मार्जिन सोडून उचल ३० लाखांवर आली. म्हणजे खाते १० लाखांनी जास्त उचललेले. शाखाधिकारी म्हणतात, “जुने, चांगले गिऱ्हाईक आहे. पुढच्या महिन्यात पाहू.” ऑफिसर म्हणतो, “साहेब, अहवालात मला हेच लिहावे लागेल.”

टाळणारा ऑफिसर अहवाल पुढे ढकलील. माल रात्रीतून उतरणार असेल आणि सकाळी पुन्हा मोजता येणार असेल, तर एक दिवस थांबणे शहाणपणाचेच आहे. डोके तापलेले असतानाही थांबावे. मात्र थांबण्याला तारीख हवी. उचल मर्यादेपेक्षा जास्त येणे सलग ९० दिवस राहिले, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार खाते अनुत्पादक ठरते. ती दिवसमोजणी आपल्या संकोचासाठी थांबत नाही. टाळण्याची खूण अशी, की विषय कोणीच काढत नाही, पण काम अडलेलेच असते.

नमते घेणारा ऑफिसर ७५-८० लाखांचा आकडा लिहून देईल. साहेब खूश होतील, पण सही ऑफिसरची राहील. पाहिलेली वस्तुस्थिती ही नमते घेण्याची जागा नव्हे. उलट गिऱ्हाइकाला फोन आधी करावा की पत्र, पत्राची भाषा मवाळ असावी की कडक, पुढील तपासणीला कोणी जावे, या गोष्टींत साहेबांचे म्हणणे आनंदाने मानावे. आपल्याला ज्याचे फारसे वाटत नाही आणि दुसऱ्याला फार वाटते, तेथे नमते घेतल्याने काही बिघडत नाही.

तडजोड करणाऱ्याला मोह होईल तो ७० लाख लिहिण्याचा. ८० आणि ६० यांचा हा मध्य वरवर न्याय्य वाटतो, पण गोदामात ७० लाखांचा माल नाहीच. आकडा अर्धा करता येत नाही, मुदत करता येते. साहेबांना महिना हवा आणि ऑफिसरला आठवडा, तर पंधरा दिवस ठरवणे ही खरी तडजोड.

रेटणारा ऑफिसर म्हणेल, “साठ म्हणजे साठ.” आकड्यापुरते त्याचे बरोबर आहे. खोपोलीच्या एखाद्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी धोक्याचे यंत्र थांबवतो तेव्हाही हीच रीत योग्य ठरते, कारण तेथे चर्चेला वेळ नसतो. चूक होते ती आकड्याचा ठामपणा साऱ्याच गोष्टींना लावला की. मालकाने फसवलेच आणि नोटीस आजच गेली पाहिजे, असे तो म्हणू लागला, तर न तपासलेली गोष्टही तो तपासलेल्या गोष्टीइतकीच जोरात बोलत आहे.

येथे पाचवी रीत उपयोगी पडते. ‘उरलेला २० लाखांचा माल कोठे आहे?’ हा प्रश्न भांडणाच्या भरात कोणी विचारलाच नव्हता. मालक सांगतो, खालापूर तालुक्यात भाड्याच्या गोदामात तांदूळ ठेवला आहे. ऑफिसर जाऊन मोजतो, माल आहे. परंतु ते गोदाम बँकेला कळवलेले नाही आणि विम्यातही नाही, म्हणून तो माल आज धरता येत नाही. मग असे ठरते: अहवालात गिरणीतील ६० लाखच लिहायचे, दुसऱ्या गोदामाची नोंद स्वतंत्र करायची आणि पंधरा दिवसांत त्याचा विमा व कागदपत्रे पुरी करायची, नाहीतर १० लाख भरायचे. कागद पुरे झाले की उचल पुन्हा ४५ लाखांवर येते. आकडा शाबूत राहिला, गिऱ्हाईकही राहिले. मात्र या रीतीला वेळ लागतो, एक फेरी पडते आणि दोन्ही बाजू माहिती उघड करायला तयार असाव्या लागतात. किरकोळ वादाला ती परवडत नाही.

पाहा, एकाच वादात आकडा, मुदत, भाषा आणि शोध असे चार तुकडे होते आणि प्रत्येकाची रीत वेगळी होती. म्हणून ‘मी कोणत्या रीतीचा?’ यापाठोपाठ ‘हा तुकडा कोणत्या रीतीचा?’ हेही विचारावे.

स्वतःची रीत ओळखण्यासाठी थॉमस-किलमन चाचणीत विधानांच्या ३० जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतून एक निवडायचे असते. त्यामुळे एका रीतीचे गुण वाढले की दुसरीचे घटतात. ते गुण तुमचा कल दाखवतात, कौशल्य नव्हे. घरीही हे करता येते. कामावरचे शेवटचे सहा मतभेद वहीत लिहा. प्रत्येकापुढे पहिल्या दिवशी आपण काय केले, काय मिळाले आणि काय राहून गेले, एवढेच लिहा. मग त्यांचे तीन गट करा: वरिष्ठांशी, बरोबरीच्यांशी आणि हाताखालच्यांशी. अफझलुर रहीम या संशोधकाने आपली प्रश्नावली याच तीन नात्यांसाठी स्वतंत्र ठेवली, ते उगीच नव्हे. वरिष्ठांपुढे नमणारा हाताखालच्यांवर रेटतो, हे अनेकांच्या वहीत दिसेल. पेढीवर वडिलांपुढे गप्प राहणारा मुलगा नोकरांशी कसा बोलतो, तेही असेच तपासता येईल.

सहापैकी चार-पाच ठिकाणी एकच रीत आली, तर ती तुमची सवय समजा. पुढच्या वादात ती आपोआप पुढे येईल, तेव्हा वादाचे तुकडे कागदावर वेगळे लिहा आणि त्यांतील निदान एका तुकड्याला दुसरी रीत लावून पाहा.