तीन टिपा बरोबर आल्या, म्हणून पैसे भरले : ऑप्शनच्या ‘खात्रीशीर’ नफ्यामागचे गणित

आमचा एक माजी विद्यार्थी गेल्या वर्षी घरी आला. बी.कॉम. झालेला, हुशार मुलगा. म्हणाला, “सर, त्या ग्रुपच्या सलग तीन दिवस तिन्ही टिपा बरोबर आल्या होत्या. मी स्वतः बघितलं, मग पैसे भरले.” कोर्सचे 21 हजार, वर महिन्याला 5 हजार ‘प्रीमियम ग्रुप’चे, आणि खात्यात टाकायला अम्मीच्या पाटल्या मोडून आणलेले 60 हजार. चार महिन्यांत खाते रिकामे झाले. त्याला फसवणारे कोण होते हे त्यालाही नीट माहीत नाही, पण त्याचा प्रश्न खरा होता. तीन दिवस टिपा बरोबर कशा आल्या?

याचे उत्तर सातवीच्या गणितात आहे. समजा, एखाद्याने टेलिग्रामवर 800 लोक फुकटात जमवले आणि त्यांचे दोन ग्रुप केले. सोमवारी 400 जणांना सांगितले, निफ्टी वर जाणार, कॉल घ्या. उरलेल्या 400 जणांना सांगितले, खाली जाणार, पुट घ्या. बाजार एकीकडे तर जाणारच. ज्यांची टिप चुकली त्यांना विसरून जायचे. उरलेल्या 400 चे मंगळवारी पुन्हा दोन भाग, बुधवारी परत तेच. बुधवारी संध्याकाळी असे 100 लोक उरतात ज्यांनी तीनही टिपा डोळ्यांनी बरोबर ठरताना पाहिल्या. त्यातल्या 20 जणांनी जरी 5 हजार भरले तरी एक लाख रुपये झाले. सांगणाऱ्याला बाजारातले ओ की ठो कळत नसले तरी चालते. बाजार जागेवरच राहिला तर कॉल आणि पुट दोन्ही बुडतात. त्या दिवशीचा मेसेज ग्रुपमधून गायब होतो, एवढेच.

पैसे भरल्यावर दुसरा प्रकार सुरू होतो. आमच्या विद्यार्थ्याचा एक दिवस पाहू. ग्रुपवर मेसेज आला, अमुक पुट 40 रुपयांना घ्या, टार्गेट 70, स्टॉपलॉस 30. त्याने फोन उघडून ऑर्डर टाकेपर्यंत भाव 52 झाला होता. हजारो लोक एकाच वेळी एकाच गोष्टीवर तुटून पडले की भाव चढतोच. ज्याने मेसेज टाकला त्याने आधीच घेऊन ठेवले असेल, तर या चढत्या भावात तो आपला माल या पोरांनाच विकून मोकळा होतो. भाव 60 पर्यंत गेला आणि मग घसरला. पोराने 28 ला विकले. तेव्हा निफ्टीचा लॉट 75 चा होता, त्याचे चार लॉट होते. म्हणजे 300 गुणिले 24, एकूण 7,200 रुपयांचा तोटा, ब्रोकरेज आणि कर वेगळे. आणि त्याच संध्याकाळी ग्रुपवर काय आले? ‘40 ते 60, एका दिवसात 50 टक्के नफा, अभिनंदन!’ मेसेज खोटा नव्हता. भाव 60 ला खरोखर लागला होता. फक्त 40 ला कोणालाही मिळाला नव्हता.

‘आमची 90 टक्के अचूकता’ हा दावासुद्धा असाच, खरा असूनही फसवा असू शकतो. विशेषतः जे ‘दर महिन्याला ठरावीक कमाई’ म्हणून ऑप्शन विकायला शिकवतात त्यांच्याकडे. ऑप्शन विकणाऱ्याला प्रीमियम लगेच मिळतो आणि बहुतेक आठवड्यांत तो त्याच्याकडेच राहतो. नऊ आठवडे दोन-दोन हजार मिळाले, 18 हजार झाले. दहाव्या आठवड्यात बाजार एकदम पडला आणि 40 हजार गेले. दहापैकी नऊ वेळा जिंकलो, तरी 22 हजारांनी बुडालो. असा दिवस कधीतरी येतो का? 4 जून 2024 आठवा. लोकसभेच्या निकालाच्या दिवशी निफ्टी एका दिवसात जवळपास 6 टक्के पडला. ज्यांनी आदल्या दिवशी निवांतपणे पुट विकून ठेवले होते, त्यांचे काय झाले असेल ते सांगायला नको. म्हणून कोणी अचूकता सांगितली की आम्ही एकच विचारतो, भाईजान, सर्वांत मोठा तोटा किती झाला आणि कोणत्या दिवशी झाला? बहुतेक वेळा विषय बदलतो.

आता शिकवणाऱ्यांकडे पाहू. ऑक्टोबर 2023 मध्ये सेबीने ‘बाप ऑफ चार्ट’ या चॅनेलच्या चालकाविरुद्ध अंतरिम आदेश काढला. शिक्षणाच्या नावाखाली, नोंदणी नसताना, खरेदी-विक्रीचे सल्ले दिले असे सेबीचे म्हणणे होते, आणि कोर्समधून आलेले सुमारे 17 कोटी रुपये जमा करायला सांगितले. आमच्या मते त्या आदेशातली सर्वांत बोलकी बाब वेगळीच आहे. लोकांना नफ्याची जवळपास खात्री देणाऱ्या या गुरूला जानेवारी 2021 ते जुलै 2023 या काळात स्वतःच्या ट्रेडिंगमध्ये सुमारे 2 कोटी 89 लाखांचा निव्वळ तोटा झाला होता, आणि दाखवला जायचा तो नफा. म्हणजे कमाई बाजारातून नव्हती, वर्गातून होती. आमच्याकडे ट्यूशनवाल्याला विचारतात, तुमचा स्वतःचा मुलगा कुठे शिकतो? तसाच हा प्रकार.

सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, आर्थिक वर्ष 2022 ते 2024 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाल्याचे आढळले. सरासरी माणशी सुमारे दोन लाख. यापुढे ‘खात्रीशीर’ हा शब्द कसा उभा राहतो ते कळत नाही.

आणखी एक शब्द हल्ली फार चालतो, ‘हलाल ट्रेडिंग कोर्स’. जाहिरातीत टोपी-दाढी, वर बिस्मिल्लाह, आत निफ्टीचे ऑप्शन. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामिक फिकह अकादमीने 1992 च्या ठरावात आजच्या बाजारातले ऑप्शनचे करार शरीअतनुसार जायज नाहीत असे सांगितले आहे. शेअर घेऊन ठेवण्याबद्दल उलमांमध्ये अटी-शर्तींसह परवानगीचे मत आहे, ती चर्चा वेगळी. पण शेअरसाठी दिलेला फतवा ऑप्शनच्या कोर्सवर चिकटवला असेल, तर तो फतवा पूर्ण वाचून दाखवा म्हणावे, आणि आपल्या मुफ्ती साहेबांना दाखवावा.

घरातला मुलगा असे काही भरणार असेल तर आधी नोंदणी क्रमांक मागा. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्या रिसर्च अॅनालिस्टचा क्रमांक INH ने सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा INA ने. sebi.gov.in वर नाव आणि क्रमांक दोन्ही जुळतात का ते पाहा, कारण दुसऱ्याचा क्रमांक वापरणारेही आहेत. क्रमांक खरा निघाला तरी नफ्याची हमी देण्याची परवानगी नोंदणीधारकालाही नाही. ‘आम्ही सल्ला देत नाही, फक्त शिकवतो’ असे उत्तर आले, तर वर्गात आजचा चार्ट उघडतात का विचारा. जानेवारी 2025 च्या सेबीच्या परिपत्रकाने फक्त शिक्षण देणाऱ्यांना शेअरचे नाव घेताना मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरायला मनाई केली. लाइव्ह बाजारात बसवून ‘आता घ्या’ म्हणणे हे शिक्षण नव्हे.

आमच्या विद्यार्थ्याने फी कोणत्या तरी तिसऱ्याच नावाच्या यूपीआयवर पाठवली होती, पावती नाही, बिल नाही. तो चार महिने गप्प राहिला, अब्बांच्या धाकाने. लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला असता तर निदान पैसे गोठवण्याचा प्रयत्न करता आला असता, इतक्या दिवसांनी ते फार कठीण असते. शेवटी cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायला आम्ही त्याच्यासोबत बसलो. स्क्रीनशॉट मागितले तर त्याच्याकडे फक्त नफ्याचे होते. तोट्याच्या टिपांचे मेसेज ग्रुपवाल्याने कधीच डिलीट केले होते.